११२ किमी लिंक : पॉवर भरपूर, १ जी बिनघोर चालतं, १० जी वर मात्र सीआरसी एरर. डिस्पर्शनच ना?

घाटउतार
नमस्कार मंडळी. घाटावरून खाली कोकणात उतरणारी आमची एक लिंक आहे. ओटीडीआरवर लांबी ११२ किमी, फायबर साधा जी.६५२, काही भाग जमिनीखाली तर काही खांबांवरून. १५५० वर एकूण लॉस २५ डीबी. या जोडीवर १ जी ची लांब पल्ल्याची मॉड्यूल्स दोन-तीन वर्षं विनातक्रार चालली. आता ग्राहक वाढले म्हणून १० जी ची झेडआर मॉड्यूल्स लावली. पाठवताना +२ डीबीएम, पलीकडे पोचते −२३. लिंक वर आली पण एरर धो धो. पॉवर काठावर आहे म्हणून पलीकडच्या टोकाला प्रीअ‍ॅम्प घेतला. त्यातून −५ निघते, ती रिसीव्हरला जास्त होईल म्हणून मध्ये ७ डीबीचा अ‍ॅटेन्यूएटर टाकला. आता रिसीव्हरवर नीट −१२ दिसते. तरी चार-पाच मिनिटांत हे असं :

```
1841 input errors, 1841 CRC, 0 frame, 0 overrun, 0 ignored
```

मॉड्यूल बदलून पाहिलं, पॅचकॉर्ड बदलल्या, फायबरची जोडी उलटसुलट करून पाहिली. आकडा थोडा इकडेतिकडे होतो, जात नाही. मॉड्यूलच्या कागदावर ८० किमी लिहिलंय हे मला ठाऊक आहे, पण तो आकडा पॉवरपुरता असेल असं धरून अ‍ॅम्प घेतला होता. विक्रेता म्हणतो अजून ताकदीचा अ‍ॅम्प घ्या. घेऊ का?

स्प्लाइसवाला
आधी कनेक्टर पुसा. दहातल्या आठ तक्रारी तिथेच मिटतात. स्कोपखाली फेरूल बघितल्याशिवाय पुढचं काही बोलू नका. आणि ११२ किमीत एखादा जोड बिघडलेला असेल तर परावर्तन येतं, त्यानेही १० जी ला त्रास होतो. डिस्पर्शनचं म्हणाल तर ते मल्टिमोडचं दुखणं. सिंगल मोडमध्ये प्रकाशाला एकच वाट, मग मागेपुढे होणार कोण?

घाटउतार
कनेक्टर सगळे स्कोपखाली पाहिले, स्वच्छ आहेत. ओटीडीआरवर सर्वांत वाईट जोड ०.१५ डीबीचा. परावर्तनाचा काटा ओडीएफ सोडून कुठे नाही.

तरंगलांबी
अ‍ॅम्प घेऊ नका. पैसे वाया जातील.

स्प्लाइसवाला यांचं एक बरोबर आहे, सिंगल मोडमध्ये वाट एकच. पण त्या वाटेने जाणारा प्रकाश एकाच रंगाचा नसतो. लेसर कितीही शुद्ध असला तरी त्यावर १० जी चा डेटा चढवला की त्याचा वर्णपट रुंदावतो, ते टाळताच येत नाही. १५५० च्या आसपास काचेत जरा आखूड तरंगलांबीचा भाग पुढे निघतो आणि लांब तरंगलांबीचा मागे रेंगाळतो. हेच डिस्पर्शन. साध्या जी.६५२ मध्ये हा फरक दर किमीला, दर नॅनोमीटर रुंदीमागे साधारण १७ पिकोसेकंद.

तुमच्या लिंकचा हिशेब करू.

```
D × L = 17 × 112 = 1904 ps/nm
Δτ = D × L × Δλ = 1904 × 0.1 ≈ 190 ps
```

१० जी इथरनेटच्या सिग्नलचा वर्णपट काठापासून काठापर्यंत ०.१ नॅनोमीटर धरलाय. लाइनवरचा खरा वेग १०.३१२५ जी असतो, म्हणजे एका बिटाला वाट्याला येतात ९७ पिकोसेकंद. पल्स पसरतेय १९०. एक बिट शेजारच्या दोघांच्या घरात घुसलाय.

आता तुमचं १ जी का चाललं ते बघा. तिथे बिटाची जागा ८०० पिकोसेकंदांची. त्या मॉड्यूलमध्ये लेसरचा करंटच चालूबंद होतो, त्यामुळे प्रकाशाचा रंगच क्षणोक्षणी सरकतो, म्हणजे चिर्प येतो, आणि वर्णपट वेगाच्या मानाने जास्तच फुगतो. ०.२ नॅनोमीटर धरा. पसरण ३८० पिकोसेकंद झालं, तरी बिटाच्या निम्म्या जागेतही मावलं.

पॉवर वाढवून हे का सुटत नाही, तर शाई फुटणाऱ्या कागदावर ठळक लिहून अक्षरं सुटी होत नाहीत. शून्य-एक-शून्य असा क्रम घ्या. मधल्या एकची उंची पसरून कमी झाली. एक-शून्य-एक घ्या, मधला शून्याचा खड्डा दोन्हीकडच्या एकांनी भरून काढला. रिसीव्हरला या दोन्हींमध्ये रेघ ओढायची असते. अ‍ॅम्प लावला की बुटका एक उंच होतो आणि भरलेला खड्डाही तितक्याच पटीत उंच होतो. दोघांमधलं अंतर बिटाच्या मानाने होतं तिथेच.

मॉड्यूलच्या कागदावर किमीच्या आकड्याच्या आसपास कुठेतरी डिस्पर्शन टॉलरन्स म्हणून ओळ असेल. झेडआरला बहुधा १६०० असते. तुम्ही १९०४ वर आहात.

घाटउतार
कागद काढला. १६०० ps/nm, बरोबर. ही ओळ मी आजवर कधी वाचली नव्हती, विक्रेत्यानेही नाही.

एमटेक_ओंकार
तरंगलांबी, तुमच्या हिशेबात मला एक खटकतंय. याच सूत्राने ८० किमी काढलं तर १३६० गुणिले ०.१, म्हणजे १३६ पिकोसेकंद. तेही ९७ पेक्षा जास्तच. मग झेडआर ८० किमीवरही चालायला नको. पण चालतं, जगभर चालतं. आम्हाला गॉसियन पल्सचा जो निकष शिकवलाय त्याने तर १० जी ला १५५० वर तीस किमीच्या आतच थांबावं लागतं. तेव्हा एकतर १७ चुकीचं आहे किंवा ०.१.

तरंगलांबी
ओंकार, शंका रास्त आहे. १७ ही बरोबर आहे आणि ०.१ ही. पण ०.१ म्हणजे काठापासून काठापर्यंतची रुंदी. काठांवर ऊर्जा अगदी थोडी असते, बहुतेक ऊर्जा मधल्या निम्म्या भागात. म्हणजे १९० पिकोसेकंद हे पल्सच्या शेपटांचं अंतर, तिच्या गाभ्याचं नव्हे. तुमचा गॉसियन निकष कडक आहे कारण त्यात पल्सची जवळजवळ सगळी ऊर्जा बिटाच्या घरातच राहायला हवी. खऱ्या रिसीव्हरला एवढं लागत नाही. बिटाच्या मधोमध एक क्षण एक आणि शून्य ओळखू आले की त्याचं काम झालं.

शिवाय झेडआरमध्ये लेसर सतत जळत असतो आणि बाहेरचा मॉड्युलेटर प्रकाश कापतो. त्या मॉड्युलेटरचा चिर्प मुद्दाम असा ठेवतात की पल्स सुरुवातीचे काही किमी पसरण्याऐवजी आवळतेच आणि मग पसरायला लागते. त्यातून आणखी काही किमी मिळतात. एवढं करूनही १६०० च्या काठावर दोन-तीन डीबीचा दंड बसतोच, म्हणजे तेवढी जास्त पॉवर दिली तरच एरर आधीसारखे राहतात. काठ ओलांडला की दंड झपाट्याने चढतो आणि मग कितीही पॉवर दिली तरी एररचा एक तळ उरतो, त्याखाली आकडा जात नाही.

म्हणून D × L × Δλ ने दोन लिंकची तुलना करावी, निकाल मात्र मॉड्यूलच्या कागदावरच्या आकड्याने द्यावा.

एमटेक_ओंकार
हे पटलं. मग वेग वाढला की अंतर वेगाच्या वर्गाने घटतं, तेही यातूनच येतं ना?

तरंगलांबी
हो. आणि हे लोकांच्या लक्षात राहत नाही. वेग चौपट केला की बिटाची जागा पाव होते, हे सगळ्यांना दिसतं. पण त्याच वेळी वर्णपटही चौपट रुंद होतो, म्हणून तेवढ्याच किमीवर पल्स चौपट पसरते. दोन्ही मिळून सोळापट. १० जी ला ८० किमी मिळत असतील तर त्याच पद्धतीच्या २.५ जी ला डिस्पर्शनच्या बाजूने हजाराच्या पुढे किमी मिळतात आणि ४० जी ला जेमतेम ५. अट एवढीच की मॉड्युलेशन तेच साधं चालूबंदाचं हवं आणि बाहेरच्या मॉड्युलेटरनं केलेलं हवं. घाटउतार यांच्या १ जी सारखा करंटने चालणारा लेसर असेल तर चिर्प हावी होतो आणि हा वर्गाचा नियम तितका नीट लागू पडत नाही.

सायली_के
माझ्या घरी फायबर आहे, संध्याकाळी नेट रडतं. १०० चा प्लॅन, २० मिळतात. कंपनीचा माणूस येऊन 'फायबर लांबून येतो' म्हणून गेला. वरचं वाचून वाटलं हेच असणार. मलाही हा टॉलरन्स तपासता येईल का?

स्प्लाइसवाला
ताई, तुमचं हे नाही. घरच्या जीपॉनला वरून येणारा वेग २.५ जी, तरंगलांबी १४९० आणि अंतर फार तर वीस किमी. डिस्पर्शन तिथे कधी आड येत नाही. आणि ते आलं असतं तर सकाळीही आलं असतं. संध्याकाळीच होतं म्हणजे वरची वाट गर्दीची आहे. त्यांना स्प्लिटरवर किती घरं आहेत आणि वरचा पाइप किती हे विचारा. ओएनटीवर रिसीव्ह पॉवर −२७ पेक्षा बरी दिसत असेल तर फायबरला दोष देऊ देऊ नका.

दर्यावर्दी
घाटउतार, सोपा उपाय सांगतो. १३१० ची मॉड्यूल्स घ्या. १३१० ला डिस्पर्शन जवळपास शून्य असतं. प्रश्नच मिटला.

घाटउतार
१३१० ला आमच्या फायबरचा लॉस ०.३५ च्या आसपास येतो. ११२ किमीला ३९ डीबी झाले. प्रकाश पोचणारच नाही.

तरंगलांबी
आणि तुमचा एर्बियमचा अ‍ॅम्प १३१० ला चालत नाही. दर्यावर्दी म्हणतात ते कॅम्पसच्या दहा किमीला अगदी योग्य आहे, तिथे सगळे तेच वापरतात. काचेत लॉस सर्वांत कमी जिथे, तिथे डिस्पर्शन आहे, आणि डिस्पर्शन शून्य जिथे, तिथे लॉस जास्त. साध्या फायबरची ही अडचण सुरुवातीपासूनची.

जुना_ट्रान्समिशन
म्हणून तर जी.६५३ निघाला होता. गाभ्याची रचना बदलून शून्य १५५० ला आणलं. एका तरंगलांबीसाठी फार छान. मग एकाच फायबरवर अनेक रंगांचे चॅनल पाठवणारं डीडब्ल्यूडीएम आलं, आणि शून्य डिस्पर्शनमुळे सगळे चॅनल बरोबरीने चालत राहिल्याने आपसात मिसळून नको त्या जागी नवे रंग जन्माला घालू लागले. ते गाळता येत नाहीत, कारण नेमके दुसऱ्या चॅनलच्या डोक्यावर येऊन बसतात. थोडं डिस्पर्शन हवंच, हे त्यातून कळलं आणि जी.६५५ आला, त्यात १५५० ला साधारण ४.

आमच्या काळी एसटीएम-१६ होतं, २.५ जी. शंभर-सव्वाशे किमीच्या हॉपला डिस्पर्शनचा विचारच करावा लागत नसे, फक्त पॉवर बघायची. एसटीएम-६४ आलं आणि तेच रॅक, तोच फायबर, पण प्रत्येक हॉपला डिस्पर्शन उलटवणारी डीसीएमची पेटी लागली. घाटउतार, तुम्ही आत्ता नेमके त्याच पायरीवर आहात. डीसीएम लावा.

तरंगलांबी
डीसीएमच्या आधी एक चाचणी करा, म्हणजे खात्रीने खर्च कराल. तुमच्याकडे आत्ता दोन संशयित आहेत, डिस्पर्शन आणि प्रीअ‍ॅम्पचा स्वतःचा गोंगाट. −२३ वर अ‍ॅम्प चालवला की तो सिग्नलबरोबर बराच पसरट प्रकाश स्वतः ओततो, आणि पॉवर मीटर दोन्ही मिळून आकडा दाखवतो. फिल्टर नसेल तर तुमच्या −१२ मधला चांगला हिस्सा निव्वळ गोंगाटाचा असू शकतो.

तेव्हा दोन्ही मॉड्यूल्स एकाच जागी आणा. मॉड्यूलमधून निघालं की १५ आणि १० डीबीचे अ‍ॅटेन्यूएटर, मग प्रीअ‍ॅम्प, मग तुमचा ७ डीबीचा, मग दुसरं मॉड्यूल. अ‍ॅम्पला तीच −२३ मिळते, रिसीव्हरला तीच −१२, गोंगाटही तोच. फरक इतकाच की किलोमीटर नाहीत. रात्रभर ट्रॅफिक सोडा. एरर आले तर अ‍ॅम्प किंवा मॉड्यूल, नाही आले तर किलोमीटर.

स्प्लाइसवाला
ही चाचणी आवडली. लॉस तोच, लांबी शून्य. वहीत टिपून ठेवतो.

घाटउतार
केली. खालच्या साइटवर सगळं एका टेबलावर मांडून रात्रभर जनरेटरने पूर्ण १० जी ट्रॅफिक सोडलं. सकाळी सीआरसी शून्य. तीच मॉड्यूल्स फायबरवर परत लावली, पाच मिनिटांत एरर सुरू.

म्हणजे किलोमीटरच. आता डीसीएम कितीचं घेऊ? ४०, ६०, ८० अशी मिळतात. आणि अ‍ॅम्पच्या आधी लावू की नंतर?

जुना_ट्रान्समिशन
४० चं पुरेल. १९०४ वजा ६८०, उरले १२२४. सोळाशेच्या आत. लॉसही कमी.

तरंगलांबी
मी ६० म्हणेन. उणे १०२०, उरतात ८८४. १२२४ वरही चालेल पण दंड थोडा राहतो, आणि उद्या फायबर तुटून वळसा घालावा लागला तर दहा-वीस किमी सहज वाढतात. पूर्ण शून्यावर मात्र आणू नका. मॉड्युलेटरचा चिर्प थोड्या धन डिस्पर्शनसाठीच जुळवलेला असतो, उणे बाजूला गेलात तर तोच उलट पल्स पसरवतो.

जागा अ‍ॅम्पच्या नंतर. डीसीएम म्हणजे उलट डिस्पर्शनचा फायबर गुंडाळलेली पेटी, तिचा लॉस पाच-सात डीबी. ती अ‍ॅम्पच्या आधी ठेवली तर −२३ ची −२९ होऊन अ‍ॅम्पमध्ये शिरेल आणि गोंगाट अंगावर येईल. नंतर ठेवली तर तुम्हाला काहीच सोसावं लागत नाही, कारण तिथे तुम्ही आत्ता ७ डीबी अ‍ॅटेन्यूएटरमध्ये मुद्दाम फुकट घालवताय. अ‍ॅटेन्यूएटर काढा, त्या जागी डीसीएम बसवा. तिथे पेटीत फक्त −५ शिरते ते एका अर्थी बरं, कारण या पेट्यांतल्या फायबरचा गाभा अरुंद असतो, फार पॉवर घातली की ती वेगळ्याच कुरबुरी करते.

परतीच्या दिशेलाही एक लागेल, विसरू नका.

घाटउतार
एका ओळखीच्यांच्या गोदामात ८० च्या दोन पेट्या पडून होत्या, त्यांनी वापरायला दिल्या. पेटीवर −१३६० छापलंय, लॉस ७.२. मोजला तर तेवढाच आला. अ‍ॅटेन्यूएटर काढून लावली. हिशेबाने उरतात ५४४. रिसीव्हरवर −१२.३.

पहिल्या रात्री सीआरसी शून्य. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शून्य. सगळ्यांचे मनापासून आभार.

एक मात्र आहे. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान काही एरर येतात, दहा-पंधरा, मग थांबतात. तीन दिवस बघतोय, रोज त्याच वेळी. डिस्पर्शन उन्हाने वाढतं का?

जुना_ट्रान्समिशन
हा पीएमडी. खांबांवरचा फायबर उन्हाने, वाऱ्याने ताणला-पिळला जातो, दोन ध्रुवणांमधलं अंतर बदलत राहतं. डीसीएम त्याचं काही करू शकत नाही. मोजून घ्या.

तरंगलांबी
क्रोमॅटिक डिस्पर्शन उन्हाने बदलतं, पण ११२ किमीवर वीस अंशांच्या फरकाने काही थोडे ps/nm. तुमच्याकडे हजाराची मोकळी जागा आहे. ते नाही.

पीएमडीचं मला पटत नाहीये. दर वर्गमूळ किमीला ०.२ पिकोसेकंद धरले तरी ११२ ला सरासरी दोनच्या आसपास येतात. १० जी ला सरासरी दहापर्यंत चालतं. फायबर फारच जुना असेल तरच.

माझा संशय वेगळा. तुमचा प्रीअ‍ॅम्प आउटपुट स्थिर ठेवण्याच्या मोडवर आहे का? तसं असेल तर दुपारी फायबरचा लॉस दोन-तीन डीबी वाढला, म्हणजे समजा खांबावरचा एखादा क्लॅम्प आवळला, तरी रिसीव्हरवर −१२.३ च दिसत राहील आणि आतल्या आत गोंगाट वाढेल. रिसीव्हरचा आकडा पाहू नका, अ‍ॅम्पच्या इनपुटचा पाहा.

घाटउतार
हो, पॉवर मोडवरच आहे. इनपुट आत्तापर्यंत लॉग केलेला नाही.

जुना_ट्रान्समिशन
लॉग करा, पण पीएमडी मोजायचंही विसरू नका. आमच्याकडे याच किनारपट्टीवरच्या एका जुन्या केबलला वर्गमूळ किमीमागे ०.२ कुठे, त्याच्या कितीतरी पट येत असे. केबल कोणत्या सालची हे कळल्याशिवाय कागदावरचा आकडा धरू नका.

प्रवासी_टोरांटो
जाता जाता. १०० जी चं बोलणं सुरू झालं तर या पेट्यांवर आणखी पैसे घालू नका. इकडे आम्ही कोहेरंट मॉड्यूल्स लावतो, त्यात रिसीव्हर प्रकाशाची फेजही वाचतो आणि चिप हजारो ps/nm गणितानेच उलटवते. जुन्या मार्गांवरची डीसीएम आम्ही काढून टाकली, लॉस वाचला. ११२ किमी, एक अ‍ॅम्प, हे त्यांच्यासाठी सोपं अंतर आहे. फक्त राउटरचा पोर्ट ती वीज आणि उष्णता झेपवतो का ते आधी बघा.

घाटउतार
१०० जी अजून वर्षभर तरी नाही. इनपुटचा लॉग दर मिनिटाला लावलाय, अ‍ॅम्पही स्थिर गेन मोडवर टाकलाय. केबलचा वरचा २३ किमीचा तुकडा दुसऱ्या कुणाचा आहे, त्यांच्याकडे साल विचारलंय. दोन्ही हाती आलं की इथेच टाकतो.